लेखाआधीची दोन पानं

९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात, डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या परिसंवादात, पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी एक निबंध वाचला. भारतातल्या जाती, त्यांची यंत्रणा, उगम आणि विकास हा त्याचा विषय. पुढच्या वर्षी मे महिन्यात तो 'इंडियन अँटिक्वरी' या नियतकालिकात छापून आला. महाराष्ट्र शासनाने १९७९ साली वसंत मून यांच्या संपादनाखाली बाबासाहेबांच्या इंग्रजी लेखन-भाषणांचा पहिला खंड काढला, त्यात अगदी सुरुवातीला हा लेख आहे. पानं साधारण वीस. समाजशास्त्राच्या पदवीच्या वर्गाला मी तो वाचायला लावतो. 'वाचायला लावतो' म्हणणं सोपं आहे. दहावी-बारावी मराठी माध्यमातून आलेली मुलं, शंभर वर्षांपूर्वीचं इंग्रजी आणि पहिल्या काही पानांतच सेनार, नेसफील्ड, रिस्ले, केतकर अशी चार विद्वानांची रांग. मुलं तिथेच थांबतात. म्हणून लेखाबरोबर मी एक पाठपोट कागद देतो: आधी विचारायचे प्रश्न, काही संज्ञा, नंतर चर्चेचे मुद्दे. कागदावर शीर्षक 'वाचन-मार्गदर्शिका' असं असतं. मुलं त्याला 'सरांची झेरॉक्स' म्हणतात.

हा कागद तयार करताना पहिला मोह असतो तो लेखाचा सारांश देण्याचा. चार परिच्छेदांत लेख सांगून टाकला की मुलांना कळतं, आपल्यालाही शिकवल्यासारखं वाटतं. पण मग लेख कुणी उघडत नाही. परीक्षेत सगळ्यांच्या उत्तरपत्रिकांत तेच चार परिच्छेद परत येतात, माझ्याच शब्दांत, माझ्याच चुकलेल्या स्वल्पविरामासकट. म्हणून माझ्या कागदावर लेखाचा निष्कर्ष कुठेही नसतो. लेखक कुठून निघाला आणि कोणत्या वळणावर थांबून बघायचं, एवढंच असतं.

आधीच्या प्रश्नांपासून सुरुवात करतो. रूढ पद्धत अशी की 'जात म्हणजे काय असं तुम्हाला वाटतं?' असा एखादा प्रश्न घालायचा. त्यावर मुलं पानभर लिहितात आणि ते लेखाला कुठेच चिकटत नाही. वाचण्याआधीचा प्रश्न असा हवा की मुलाने एका बाजूला पाय रोवावा आणि लेखाने तो हलवावा. या लेखासाठी तसा प्रश्न अगदी हाताशी आहे: 'जाती कोणी निर्माण केल्या, याचं उत्तर या लेखाचा लेखक काय देईल असं तुम्हाला वाटतं? एका वाक्यात लिहा आणि कागद माझ्याकडे द्या.' बहुतेक कागदांवर 'मनू' येतो. काहींवर 'ब्राह्मणांनी सगळ्यांवर लादल्या' असं येतं. दोन्ही उत्तरं मुलांनी बाबासाहेबांच्या नावाने ऐकलेली असतात, जयंतीच्या भाषणांत आणि घराघरांत. १९३६ च्या 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट'चा सूर त्यांच्या कानात असतो आणि तोच सूर ते वीस वर्षं मागे नेऊन या निबंधावर चढवतात.

लेखात मात्र वेगळंच निघतं. मनूविषयी आंबेडकर कठोरच आहेत, पण जातीचा कायदा मनूने दिला हे ते साफ नाकारतात. जात मनूच्या फार आधीपासून होती, त्याने असलेल्या गोष्टीला शास्त्राचं रूप दिलं, एवढंच ते त्याच्या पदरात टाकतात. एखाद्या माणसाने किंवा एखाद्या वर्गाने नुसत्या उपदेशाने एवढ्या मोठ्या समाजाला ही घडी घालून दिली, हेही त्यांना पटत नाही. सुरुवात ब्राह्मणांपासून झाली असं ते म्हणतात, पण पसरण्याची यंत्रणा वेगळी सांगतात. मुलं हे वाचतात तेव्हा आपण लिहून दिलेलं वाक्य त्यांना आठवत असतं. वर्गात कुणीतरी जरा रागावून विचारतं, 'सर, हे बाबासाहेबांनीच लिहिलंय ना?' हा प्रश्न आला की समजावं, लेख वाचला गेला आहे. नुसता सारांश वाचणाऱ्याला हा राग येत नाही.

दुसरा आधीचा प्रश्न गणिताचा असतो, आणि मला तो जास्त प्रिय आहे. कागदावर दहा वर्तुळं आणि दहा चौकोन काढायचे: लग्नाच्या वयाच्या दहा मुली, दहा मुलगे. अट एकच, या गटाबाहेर लग्न करायचं नाही. आता याच गटातली बावीस वर्षांची एक विवाहित बाई विधवा झाली. तिने दहापैकी एका मुलाशी लग्न केलं तर काय होईल? नऊ मुलगे उरतील आणि मुली दहा. एक मुलगी उरली. तिने बाहेर लग्न केलं तर भिंत फुटली. नाही केलं तर ती तशीच राहणार. मग भिंत शाबूत ठेवायची असेल तर त्या विधवेचं काय करायचं, हे मुलांनी लिहायचं. जात हा शब्द या प्रश्नात कुठेही नसतो. पोरं पेन्सिल घेऊन बसतात आणि थोड्या वेळात एकेकाचा चेहरा बदलायला लागतो, कारण कागदावर मोजक्याच वाटा शिल्लक असतात आणि त्या वाटांची नावं त्यांनी शाळेच्या इतिहासात वाचलेली असतात. विधुराच्या बाबतीत पुन्हा तेच गणित. फक्त पुरुषाला जाळत नाहीत आणि त्याला जन्मभर संन्यासी ठेवणंही समाजाला परवडत नाही, म्हणून त्याच्यासाठी अजून लग्नाच्या वयाला न आलेली मुलगी शोधली जाते. सती, सक्तीचं वैधव्य आणि बालविवाह या तिन्ही प्रथांना आंबेडकर एकाच हिशेबात बसवतात: बंद गटात उरणारी बाई आणि उरणारा पुरुष यांचं काय करायचं. ही त्या लेखाची मधली आणि सगळ्यात धारदार पानं. मूल तो हिशेब स्वतः करून आलेलं असलं की इंग्रजी अडत नाही, कारण वाक्य कुठे चाललंय हे त्याला आधीच ठाऊक असतं.

याच कारणाने मी वाचण्याचा क्रमही बदलतो. व्याख्यांची पानं सोडून आधी मधलं प्रकरण, मग शेवट, आणि मग मागे येऊन व्याख्या. लेखाच्या क्रमाशी असं खेळू नये असं काही सहकाऱ्यांचं मत आहे आणि त्यात तथ्य आहे. लेखकाने व्याख्या आधी ठेवल्या त्या उगाच नव्हेत. पण चार विद्वानांना बाजूला सारत आंबेडकर एकच लक्षण का उचलतात, हे ते लक्षण पुढे काय काम करतं ते पाहिल्यावरच नीट कळतं. कागदावर मी हे स्पष्ट लिहितो: 'आपण उलट क्रमाने वाचतो आहोत, लेखकाचा क्रम हा नव्हे.' आणि लेखात उपशीर्षकं नसल्याने परिच्छेदांना पेन्सिलने आकडे घालायला सांगतो. पुढचं सगळं त्या आकड्यांवर चालतं.

आता संज्ञा. इथे यादी फुगते. एकदा एका नवख्या सहकाऱ्याने या लेखासाठी केलेली यादी मी पाहिली होती. तीत वर्ण, जात, पोटजात, वर्ग, स्तरीकरण, संस्कृतीकरण, पितृसत्ता, अस्पृश्यता असं सगळं होतं. यातलं बरंचसं समाजशास्त्राच्या पाठ्यपुस्तकातलं आहे, या लेखातलं नाही. संस्कृतीकरण ही संज्ञा एम. एन. श्रीनिवास यांनी १९५२ च्या कूर्गविषयीच्या पुस्तकात मांडली. १९१६ चा लेख वाचण्याआधी ती हातात दिली की मूल लेखातल्या अनुकरणाच्या युक्तिवादावर लगेच ती चिठ्ठी चिकटवतं आणि पुढे वाचत नाही. 'हे म्हणजे संस्कृतीकरणच की' एवढं म्हणून मोकळं होतं. दोन्हींत साम्य आहे आणि ते बोलावंच, पण नंतर.

मी पाच संज्ञा ठेवतो: अंतर्विवाह, बहिर्विवाह, अतिरिक्त स्त्री-पुरुष, बंदिस्त वर्ग आणि अनुकरण. निवडण्याची कसोटी अशी की त्या संज्ञेवाचून लेखाचा पुढचा परिच्छेद उभा राहू नये. प्रत्येकीसमोर कोशातला अर्थ न देता तीन ओळी लिहितो: ती पहिल्यांदा कुठे येते, लेखक तिच्याकडून काय काम करून घेतो आणि तिचा काय अर्थ इथे नाही. उदाहरणार्थ बहिर्विवाह. मुलांना वाटतं, म्हणजे जातीबाहेर लग्न, आंतरजातीय विवाह. इथे ते नाही. इथे सगोत्र-सपिंड टाळून लग्न करण्याचा नियम आहे, आणि तो मुलांना चांगला ठाऊक असतो. मराठा-कुणब्यांत एका देवकात सोयरीक होत नाही, हे त्यांना कुणी शिकवावं लागत नाही. आंबेडकरांचं म्हणणं असं की भारतात मूळ रीत ही बहिर्विवाहाची, गटाबाहेर मुलगी देण्याची. तिच्यावर अंतर्विवाहाचं कुंपण घातलं गेलं तेव्हा जात तयार झाली. देवक आणि जात हे दोन नियम उलट दिशांनी ओढतात, हे तोपर्यंत कुणाच्या लक्षात आलेलं नसतं. एक आपल्याला जवळच्यांपासून दूर ढकलतो, दुसरा फार दूर जाऊ देत नाही. लग्न जुळवताना घरात जी दमछाक होते ती या दोन रेषांच्या मधल्या पट्ट्यात.

केतकरांविषयी मात्र मी कागदावर एक चौकट देतो, संज्ञा नसूनही. श्रीधर व्यंकटेश केतकर म्हणजे महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे केतकर. त्यांनी अमेरिकेत असताना जातीच्या इतिहासावर लिहिलेलं पुस्तक १९०९ चं. आंबेडकर त्यांचं कौतुक करतात, मग त्यांच्या व्याख्येतली दोन लक्षणं म्हणजे एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत असं दाखवून देतात: बाहेर लग्न बंद केलं की सभासदत्व आपोआपच जन्माने ठरतं. चौकटीत मी फक्त केतकर कोण ते सांगतो. हा खुलासा मुलांनी लेखात शोधायचा. मतभेद किती सभ्यपणे आणि किती नेमका करता येतो, याचा हा परिच्छेद मला स्वतःला पुन्हा पुन्हा वाचावासा वाटतो.

खरी परीक्षा चर्चेच्या मुद्द्यांची. 'जातिव्यवस्थेचे दुष्परिणाम यावर चर्चा करा' हा मुद्दा या लेखावर घातला, तर ज्याने तो उघडलाही नाही असा मुलगा सगळ्यात जास्त बोलतो. मी मुद्दे तयार झाले की ते शेजारच्या विभागातल्या, लेख न वाचलेल्या कुणाला तरी दाखवतो. ज्या मुद्द्यावर त्या व्यक्तीला पाच मिनिटं बरं बोलता येतं तो काढून टाकतो. कसोटी जरा क्रूर आहे, पण तिच्यातून दोन-तीनच मुद्दे तरतात आणि एका तासाला तेवढे पुरतात.

त्यातला एक त्या गणिताचा पुढचा टप्पा. विधुराने खालच्या वयोगटातली मुलगी केली, तर त्या वयोगटात आता एक मुलगी कमी झाली. तिच्या वयाच्या मुलाने काय करायचं? त्यानेही आणखी खालची शोधायची. म्हणजे तूट मिटली नाही, फक्त एकेक पायरी खाली सरकली. मग हा उपाय खरंच उपाय आहे का? मुलं अडतात. मग कुणीतरी म्हणतं की खालचा वयोगट वरच्यापेक्षा मोठा असेल, लोकसंख्या वाढत असेल, तर ती तूट त्यात जिरून जाईल. बरोबर आहे, आणि लोकसंख्याशास्त्रज्ञ वधू-वरांच्या वयातल्या अंतराचा विचार असाच करतात. आणखी एखादी मुलगी विचारते, विधवेचं लग्न विधुराशीच लावलं तर? दोन्ही उरलेले एकमेकांत संपले, भिंतही शाबूत. या वाटेचा लेखात वेगळा विचार केलेला सापडत नाही. असंच स्त्री-पुरुषांच्या संख्येचं. निसर्गतः दोघांची संख्या जवळपास सारखी असते असं धरून युक्तिवाद चालतो. निबंधाच्या पाच वर्षं आधीच्या, १९११ च्या जनगणनेत हिंदुस्थानात दर हजार पुरुषांमागे ९६४ स्त्रिया होत्या. म्हणजे एकूणात पुरुषच जास्त. मग उरलेल्या विधवांचा प्रश्न एवढा जाचक का व्हावा? यावर वर्ग दोन बाजूंनी भांडतो आणि भांडताना दोघांच्याही बोटाखाली परिच्छेदाचा आकडा असतो. चर्चा लेखावर चालली आहे की हवेत, हे मी त्या बोटांवरून ओळखतो.

दुसरा मुद्दा अनुकरणाचा. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ गाब्रिएल तार्द यांनी अनुकरणाचे नियम सांगितले: माणसं वरच्याची नक्कल करतात आणि जवळच्याची जास्त करतात. आंबेडकर त्यावरून एक उतरंड मांडतात. ब्राह्मणांना सगळ्यात जवळच्या जातींत तिन्ही प्रथा, त्याहून दूर असलेल्यांत सक्तीचं वैधव्य आणि बालविवाह, आणखी दूर फक्त बालविवाह, आणि सगळ्यात दूरच्यांत नुसती जातीच्या तत्त्वावरची श्रद्धा. हे विधान तपासून पाहता येतं. महाराष्ट्रात तर त्यासाठी शब्दच तयार आहे: पाट. एंथोव्हेन यांचे मुंबई इलाख्यातल्या जाती-जमातींवरचे तीन खंड १९२० ते १९२२ या काळात निघाले. त्यात विधवेचं पुन्हा लग्न होतं की नाही याच्या जातवार नोंदी सापडतात. प्रत्येक गटाला मी काही नोंदी वाटून देतो आणि लेखाची उतरंड त्यांच्याशी ताडून पाहायला सांगतो. कुणब्यांत पाट होता आणि शहाण्णव कुळी म्हणवणाऱ्या मराठा घराण्यांत तो निषिद्ध होता, हे समोर आलं की अंतराची कल्पना पुस्तकातून उठून गावात येते. ज्या घरांची पत वाढली त्यांनी पाट सोडला, हेही मुलं स्वतःच जोडतात. इथे मी एक इशारा छापतो: ही यादी करणारे अधिकारी वरच्या जातींकडून माहिती घेऊन उतरंड लावत, तेव्हा तिच्यात लेखाचीच प्रतिमा दिसली तर आश्चर्य नको.

'तुमच्या घरी पाट होता का?' असं मात्र मी विचारत नाही, आणि कागदावर तर कधीच लिहीत नाही. जातीवरच्या लेखाची मार्गदर्शिका करताना 'स्वतःच्या अनुभवातून उदाहरण द्या' ही ओळ फार पटकन सुचते. वर्गात चाळीस जण बसलेले असतात, आडनावं सगळ्यांना माहीत असतात, आणि त्या एका ओळीने काहींना न विचारता उभं केलं जातं, तर काहींना लपायला जागा मिळते. त्याऐवजी रविवारच्या वृत्तपत्राचं वधू-वर पान आणायला सांगतो. ते सगळ्यांचं आहे. एका पानावर वधूवरांच्या वयातलं अपेक्षित अंतर किती, पोटजात किती ठिकाणी लिहिली आहे, 'घटस्फोटित व विधवा' असा मथळा वेगळा का, आणि त्या मथळ्याखाली जातीची अट सैल होते की घट्ट, हे मोजायचं. बोलावंसं वाटलं तर मुलं घरचंही बोलतात. पण ते त्यांच्या मर्जीने.

लेखात अस्पृश्यतेची स्वतंत्र चर्चा नाही. चार वर्गांपासून सुरुवात होते आणि सगळी मांडणी त्यांच्या बंद होण्याची आहे. ज्यांना या चारांत धरलंच नाही त्यांची जागा या यंत्रणेने कितपत समजते, हा तिसरा मुद्दा. तो मी शेवटी ठेवतो आणि त्यावर माझ्याकडून काही देत नाही. एवढंच सांगतो की याच लेखकाने त्या प्रश्नावर १९४८ साली स्वतंत्र पुस्तक लिहिलं.

कागदाच्या मागच्या बाजूला अर्धं पान कोरं असतं, मुलांनी लेखाला विचारायच्या प्रश्नांसाठी. त्यात फार काही येत नाही. 'परीक्षेला किती गुणांना?' हाही प्रश्न तिथेच येतो. पण एका मुलीने लिहिलं होतं, 'इतरांनी अनुकरण केलं हे कळलं, पण ज्यांनी पहिल्यांदा दार लावलं त्यांनी ते का लावलं, हे लेखात कुठे आहे?' ते नाही. आंबेडकर स्वतःच तिथे थांबतात आणि हा प्रश्न निराळा, त्याचा विचार पुन्हा केव्हातरी, असं सांगून पुढे जातात. हे एवढं सहज सांगितलं आहे की घाईत वाचणाऱ्याच्या नजरेतून सुटतं. माझा एक जुना मुद्दा काढून मी तिचा प्रश्न आता चर्चेत पहिला ठेवला आहे, जरासा बदलून: 'लेखक कोणता प्रश्न मुद्दाम पुढे ढकलतो? परिच्छेद क्रमांक लिहा.'